विहीर शोधली, विहिरी सापडल्या नाहीत

एखाद्या मासिकाने आपले जुने अंक संगणकावर चढवले, शोधाची चौकट दिली आणि तुम्ही तिच्यात ‘विहीर’ असे टाइप केले. निकालात चार लेख येतात. मात्र ‘गावच्या विहिरींचा इतिहास’ हा लेख त्यांत नसतो. ‘विहिरीत उतरणारी माणसे’ नसतो. ‘विहिरीपासून नळापर्यंत’ हाही नसतो. तुम्हाला वाटते, संग्रहात या विषयावर फारसे काही नाही. प्रत्यक्षात लेख तिथेच असतात, पण संगणकाला ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’ यांच्यात काही नाते आहे हेच ठाऊक नसते. त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, ‘विहीर’ आणि ‘हत्ती’ जितके वेगळे, तितकेच.

इंग्रजीत हा त्रास कमी होतो. तिथे नामाला फार तर अनेकवचनाचा एखादा प्रत्यय लागतो आणि ‘मध्ये’, ‘साठी’, ‘पासून’ ही कामे सुटे शब्द करतात. तरीही शोधयंत्रासाठी शब्दांची शेपटे छाटण्याचा पहिला प्रसिद्ध झालेला प्रयत्न इंग्रजीसाठीच झाला. तो १९६८ साली ज्यूली बेथ लोविन्स यांनी केला. पुढे १९८० मध्ये मार्टिन पोर्टर यांनी नियमांची एक आटोपशीर यादी छापली आणि ती जगभर वापरली गेली. या कामाला स्टेमिंग म्हणतात, आणि ते करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला स्टेमर. त्याला शब्दकोश लागत नाही, व्याकरणाचे पृथक्करण लागत नाही. शब्दाच्या टोकाला ठरावीक अक्षरे दिसली की ती कापायची, एवढेच त्याचे काम.

मराठीत मात्र शेपटाला शेपूट जोडलेले असते. ‘घरासमोरच्यांना’ हा शब्द पाहा. बोलताना आपण तो सहज बोलतो. त्यात घर आहे, घराचे सामान्यरूप ‘घरा’ आहे, ‘समोर’ हे शब्दयोगी अव्यय आहे, मग ‘च्या’, मग अनेकवचनाचा अनुस्वार आणि शेवटी ‘ना’. एका नामाची अशी रूपे मोजायला बसलो तर शंभराचा आकडा सहज ओलांडता येईल. म्हणून छाटणी बाहेरून आत, थराथराने करावी लागते. सर्वांत बाहेर विभक्तीचा प्रत्यय, त्याच्या आत ‘च्या’ किंवा ‘तल्या’, त्याच्या आत शब्दयोगी अव्यय आणि अगदी आत सामान्यरूपाचा स्वर. कामचलाऊ यादी एवढीशी होते:

```
थर १: ंना ंनी च्या चा ची चे ला ने तून हून त
थर २: च्या तल्या तील
थर ३: पर्यंत पासून प्रमाणे साठी मध्ये मुळे
      बद्दल पेक्षा समोर जवळ कडे वर
थर ४: ्यां ्या ां ा ें े ीं ी
```

प्रत्येक थरातून जास्तीत जास्त एक तुकडा काढायचा आणि पुढच्या थराकडे जायचे. ‘घरासमोरच्यांना’ मधून पहिल्या थरात ‘ंना’ गेले, दुसऱ्यात ‘च्या’, तिसऱ्यात ‘समोर’ आणि चौथ्यात काना. उरले ‘घर’.

या यादीकडे व्याकरणाच्या शिक्षकाने पाहिले तर तो नाक मुरडेल, आणि त्याचे बरोबरच असेल. पण इथे एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. छाटून उरलेला तुकडा खरा शब्द असण्याची काहीही गरज नसते. ‘शाळा’, ‘शाळेत’, ‘शाळांना’ या तिघांचे ‘शाळ’ झाले तरी चालते. हा तुकडा वाचकाला कधी दिसत नाही. लेख साठवताना त्यातला प्रत्येक शब्द असा छाटून सूचीत नोंदवलेला असतो आणि वाचकाने टाइप केलेला शब्दही त्याच कात्रीतून जातो. दोन्हीकडून ‘शाळ’ आले की जुळणी झाली. म्हणजे चुकीचा काप हा अपराध नव्हे. अपराध दोनच आहेत. एकाच शब्दाच्या दोन रूपांचे दोन वेगळे तुकडे होणे, आणि दोन वेगळ्या शब्दांचा एकच तुकडा होणे. पहिल्या अपराधाने लेख हरवतात, दुसऱ्याने नको ते लेख येतात. कात्री दोन्हीकडे एकच हवी, हेही यातच आले. नियमांच्या यादीत एक जरी बदल केला तरी सगळी सूची नव्याने बांधावी लागते, नाही तर साठवलेले तुकडे जुन्या नियमाचे आणि विचारलेला शब्द नव्या नियमाचा अशी गत होते आणि कालपर्यंत सापडणारे लेख आज सापडेनासे होतात.

आता यादी अशीच का, ते पाहू. नवखा माणूस पहिल्या थरात सरळ ‘ना’ लिहितो. लोकांना, मुलांना, नद्यांना या सगळ्यांत ‘ना’ आहेच. पण मग ‘योजना’ शब्द आला की त्याचे ‘योज’ होते. ‘योजनेचा’ मधून ‘चा’ आणि मात्रा काढली की ‘योजन’ होते. सरकारी योजनांवरचा लेख शोधणाऱ्याला ‘योजनेचा लाभ’ सापडत नाही. ‘घटना’, ‘रचना’, ‘सूचना’, ‘संघटना’ या सगळ्यांची हीच अवस्था. वर्तमानपत्रात सर्वाधिक येणाऱ्या शब्दांतले हे शब्द, म्हणजे नुकसान किरकोळ नाही.

उपाय लिपीतच दडलेला आहे. नामाला ‘ना’ आणि ‘नी’ लागतात ते अनेकवचनात किंवा आदरार्थी, आणि तेव्हा त्यांच्या आधी अनुस्वार असतोच. लोकांना, गांधींनी, बाईंना. ‘योजना’ मध्ये ‘ना’च्या आधी अनुस्वार नाही. म्हणून यादीत ‘ना’ नाही, ‘ंना’ आहे. एका टिंबाने ‘योजना’, ‘योजनेचा’, ‘योजनांना’ हे तिघेही ‘योजन’वर येऊन थांबतात.

‘त’ची गोष्ट अशीच. हा एक अक्षराचा प्रत्यय सर्वांत घातक, कारण ‘त’ने संपणारे शब्द मराठीत ढिगाने आहेत. पण सप्तमीचा ‘त’ येतो तो सामान्यरूपाच्या दीर्घ स्वरानंतर: घरात, शाळेत, नदीत, गावांत. तेव्हा नियम असा करायचा की ‘त’च्या आधी काना, मात्रा किंवा दुसरी वेलांटी असेल तरच तो कापायचा, मग वर अनुस्वार असो वा नसो. ‘भारत’, ‘पर्वत’, ‘परत’ लगेच वाचतात, कारण त्यांच्यात ‘त’च्या आधी नुसते व्यंजन आहे. ‘गणित’, ‘पंडित’, ‘निश्चित’ हेही वाचतात, कारण त्यांची वेलांटी पहिली आहे. नदीतली वेलांटी दुसरी असते.

इथे कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पुढे आपण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसून टाकणार आहोत, त्याला कारण आहे. पण तो आधी पुसला तर ‘गणित’ आणि ‘नदीत’ यांच्यातला फरकच नाहीसा होतो आणि ‘गणित’चे ‘गणि’ होते. लिपीने दिलेल्या खुणा वापरून संपल्या की मगच त्या पुसायच्या. असे स्टेमर बिघडतात ते बहुधा नियम चुकल्यामुळे नाही, क्रम चुकल्यामुळे. यादीतही लांब प्रत्यय आधी आणि आखूड नंतर तपासायचा असतो तो याचसाठी. ‘ून’ हा तुकडा कुणी वेगळा नियम म्हणून घातला आणि तो आधी तपासला गेला, तर ‘गावापासून’चे ‘गावापास’ होऊन बसते आणि ‘पास’ला कापणारा नियम पुढे कुठेच नसतो.

तिसरी खूण पाय मोडलेल्या अक्षराची. संगणकात ‘र्चा’ हे जोडाक्षर एक नसते. र, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग च, मग काना अशी चार चिन्हे ओळीने ठेवलेली असतात. त्यामुळे ‘मोर्चा’ मधून ‘चा’ सहज कापला जातो आणि ‘मोर्’ असे पाय मोडलेले अक्षर उरते. प्रत्यय असा अर्ध्या अक्षराला कधीच लागत नाही. तेव्हा कापल्यावर पायमोडके अक्षर उरत असेल तर कापू नये, एवढ्या एका वाक्याने ‘मोर्चा’, ‘चर्चा’, ‘किल्ला’, ‘हल्ला’ सगळे सुटतात. मात्र ‘्या’ हा तुकडा कापताना पाय मोडण्याचे चिन्हही सोबतच जाते, म्हणून ‘घोड्या’चे ‘घोड’ नीट होते.

आणि शेवटी किमान लांबी. छाटल्यावर निदान दोन अक्षरे उरली पाहिजेत. ‘शेत’ मधून ‘त’ काढला तर ‘शे’ उरते, म्हणून कापायचे नाही. ‘शेतात’ मधून काढला तर ‘शेता’ उरते, म्हणून कापायचे. हात, रात, जात हे सारे याच अटीने वाचतात. पण अक्षरे मोजायची ती आपल्या पद्धतीने. संगणक ‘शे’ची चिन्हे दोन मोजतो, श आणि मात्रा. त्याच्यावर विसंबून ‘किमान दोन’ असे लिहिले की ‘शेत’ कापले जाते. हा दोष शोधायला वेळ लागतो, कारण प्रोग्रॅम दिसायला अगदी बरोबर असतो.

‘स’ हा द्वितीया-चतुर्थीचा प्रत्यय यादीत का नाही, असे कुणी विचारेल. घरास, मुलास, विकासास. मी तो मुद्दाम वगळतो. ‘कापूस’, ‘दिवस’, ‘माणूस’ आहेत म्हणून ‘स’च्या आधी काना, मात्रा किंवा दुसऱ्या वेलांटीची अट घालून पाहिली, तरी ‘इतिहास’, ‘प्रवास’, ‘विश्वास’, ‘पोलीस’ समोर उभे राहतात. आजच्या लिखाणात ‘स’ची बहुतेक कामे ‘ला’ करतो. थोडे ‘घरास’ हातचे जातील, पण ‘इतिहास’ शाबूत राहील. हीच गोष्ट ‘ही’ची. ‘घरही’ जुळावे म्हणून ‘लोकशाही’ची मान कापणे परवडत नाही. चांगली यादी म्हणजे लांब यादी नव्हे. प्रत्येक प्रत्यय किती शब्द जोडतो आणि किती मोडतो, याचा हिशेब करूनच तो आत घ्यायचा.

पण मराठीची खरी अडचण प्रत्ययात नाहीच. ती सामान्यरूपात आहे. प्रत्यय लागण्याआधी शब्द स्वतःच आतून बदलतो. ‘घर’चे ‘घरा’ होते तेव्हा टोकाचा स्वर काढला की झाले. घोडा, घोडे, घोड्याला, घोड्यांनी हे सगळे चौथ्या थरात ‘घोड’ होतात. पुणे आणि पुण्यात यांचे ‘पुण’ होते. पण आपली ‘विहीर’? ‘विहिरीत’ मधून ‘त’ गेला, वेलांटी गेली, उरले ‘विहिर’. मूळ शब्दात ‘ही’ दीर्घ आणि इथे ‘हि’ ऱ्हस्व. शुद्धलेखनाचा नियमच तसा आहे. मराठी शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ असला तरी सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: गरीब–गरिबाला, जमीन–जमिनीवर, मूल–मुलाने, फूल–फुलांचा. म्हणून छाटणी झाल्यावर शेवटी सगळ्या दुसऱ्या वेलांट्या पहिल्या करायच्या आणि दीर्घ उकार ऱ्हस्व. ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’ दोघेही ‘विहिर’ झाले. यातून एक आगाऊ लाभ मिळतो. ज्यांना ऱ्हस्व-दीर्घ नीट येत नाही, त्यांनी टाइप केलेले शब्दही जुळतात. किंमत म्हणजे ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ एकत्र येतात. ही किंमत मला स्वस्त वाटते.

मग ‘कापूस’ आडवा येतो. कापसाला, कापसाचे. इथे उकार ऱ्हस्व होत नाही, तो नाहीसाच होतो. माणूस–माणसाला, तांदूळ–तांदळाचा, लाकूड–लाकडाने, उंदीर–उंदराला. एकेका शब्दाची यादी करण्यापेक्षा इथे ‘दोन्हीकडे सारखे’ हे तत्त्व कामाला येते. शब्द तीन अक्षरांचा किंवा मोठा असेल आणि शेवटून दुसऱ्या अक्षरावर ऱ्हस्व इकार किंवा उकार असेल, तर तो सरसकट काढून टाकायचा. ‘कापूस’चे ‘कापस’ झाले, ‘कापसाला’चेही ‘कापस’. ‘विहीर’ आता ‘विहर’ होते आणि ‘विहिरीत’ही ‘विहर’. ‘नागपूर’ आणि ‘नागपुरात’ दोन्ही ‘नागपर’. ऐकायला भयंकर, पण आत कुणी ऐकत नाही. दोन अक्षरी ‘मूल’ आणि ‘फूल’ यांना मात्र या नियमापासून दूर ठेवायचे, नाही तर ‘मूल’चा ‘मल’ होतो.

‘पाऊस’ तर आणखी पुढचा. पावसात, पावसाने, पावसामुळे. इथे ‘ऊ’चा ‘व’ होतो. देऊळ–देवळात, पाऊल–पावलांनी, भाऊ–भावाला ही त्याचीच भावंडे. नियम सोपा आहे. शब्दाच्या सुरुवातीला नसलेला सुटा ‘ऊ’ दिसला की त्याचा ‘व’ करायचा. ‘पाऊस’चे ‘पावस’ होते आणि ‘पावसामुळे’ही तिथेच पोचते. फक्त रत्नागिरीजवळचे पावस गाव आता पावसात भिजते. पावसबद्दल वाचायला आलेल्या माणसाला पर्जन्यमानाचे लेखही दिसतात. आणि ‘भाऊ’? तो ‘भाव’ होतो आणि बाजारभावात मिसळतो. याला मात्र कात्रीला दोष देता येत नाही. ‘भावाला’ हा शब्द नुसता लिहिला तर तो कांद्याच्या भावाला की धाकट्या भावाला, हे आपल्यालाही कळत नाही. आजूबाजूचे शब्द वाचावे लागतात, आणि ते स्टेमरचे काम नाही.

स्वर काढण्याच्या नियमाने होणाऱ्या गाठी मात्र आपण स्वतः बांधलेल्या असतात. माळ, माळा आणि माळी तिघांचे ‘माळ’ होते. गळ्यातली, घरातला आणि बागेतला एका रांगेत येतात. ‘लता’ची ‘लत’ होते, म्हणजे लता मंगेशकर शोधणाऱ्याच्या पदरात व्यसनमुक्तीचे लेख पडतात. दीर्घ उकाराबाबत तर निवडच करावी लागते. ‘वासरू’–‘वासराला’, ‘पाखरू’–‘पाखराने’ यांच्यासाठी टोकाचा उकार काढायला हवा. पण तो काढला तर ‘दारू’चे ‘दार’ होते आणि दारूबंदीवरचे लेख शोधताना संग्रहातली प्रत्येक उघडी-बंद दारे समोर येतात. म्हणून तीन अक्षरी शब्दांतच उकार काढायचा, दोन अक्षरी शब्दांत ठेवायचा. मग ‘दारू’ सुटते आणि ‘लिंबू’ अडकतो, कारण ‘लिंबाचा’ त्याला जुळत नाही. मी लिंबू सोडून दारूची बाजू घेतली, त्याचा अर्थ वाचकांनी वेगळा काढू नये.

जिथे खुणाच संपतात तिथे अपवादांची छोटी यादी ठेवणे हाच शहाणपणा. ‘जनावर’ हा तिचा मानकरी. नुसत्या ‘जनावर’ मधून ‘वर’ कापला जातो आणि ‘जन’ उरते. ‘जनावरांना’ मधून ‘ंना’ गेले की ‘जनावरा’ उरते, त्याच्या शेवटी ‘वर’ नाही, म्हणून ते ‘जनावर’ राहते. म्हणजे एका फटक्यात दोन्ही अपराध घडले. जनावर शोधणाऱ्याला जनावरांना चारा मिळाल्याची बातमी दिसत नाही आणि ‘जन’ शब्द असलेली दिसते. ‘सरोवर’ असाच. ‘अकोला’ मधून ‘ला’ गेला की ‘अको’ उरते आणि ‘अकोल्यात’चे ‘अकोल’. एक अख्खा जिल्हा हरवतो. ‘गुजरात’चा ‘गुजर’ होतो, ‘जाहिरात’ ‘जाहीर’च्या घरात जाते, ‘संगीत’चे ‘संग’ आणि ‘सिद्धांत’चे ‘सिद्ध’ होते. ‘मसाला’, ‘सुरुवात’ हेही याच पंगतीतले. हे शब्द यादीत घालायचे आणि छाटताना कोणत्याही पायरीवर यादीतला शब्द हाती आला की पुढचे प्रत्यय न कापता थेट चौथ्या थराकडे जायचे. ‘दुकाने’, ‘कारखाने’, ‘विमाने’ यांचे ‘ने’ तृतीयेचे नाहीत, अनेकवचनाचे आहेत. रूपावरून ते ‘घराने’सारखेच दिसतात, म्हणून तेही अपवादातच.

क्रियापदांना मी हात लावलेला नाही. केला, करतो, करणार, करून यांना जोडणे हे वेगळेच काम आहे आणि जाणे–गेला यांना तर कुठलीच छाटणी जोडू शकत नाही. पण लोक शोधताना बहुतेक वेळा नामेच टाइप करतात. ‘कापूस अनुदान’ असे टाइप करतात, ‘कापसाला अनुदान दिले का’ असे क्वचित.

यादी झाली की ती बरोबर आहे का हे कसे पाहायचे? त्यासाठी प्रोग्रॅम वाचून उपयोग नसतो. संग्रहातले सगळे वेगवेगळे शब्द छाटायचे, एकाच तुकड्यावर आलेल्या शब्दांचे गट करायचे आणि ते गट कागदावर छापून माणसाने वाचायचे. वारंवार येणाऱ्या शब्दांचे गट आधी. मराठी येणाऱ्या कुणालाही ‘दार, दाराला, दारू, दारूच्या’ असा गट डोळ्यांत खुपतो. त्यासाठी संगणकतज्ज्ञ लागत नाही, मुद्रितशोधक लागतो. उलट बाजूचा दोष, म्हणजे एकाच शब्दाची दोन घरे, असा दिसत नाही. त्यासाठी तुकडे अकारविल्हे लावून शेजारशेजारचे पाहायचे: ‘योज’ आणि ‘योजन’ जवळजवळ आले की समजायचे, कुठेतरी गळती आहे.

जुन्या मासिकांच्या संग्रहात आणखी एक पेच असतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या लिखाणात न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्वत्र आहेत: ‘घरांत’, ‘नांव’, ‘केलें’. ‘घरांत’ आपल्या नियमाने सुटते, पण ‘नांव’ आणि ‘नाव’ मात्र वेगळे जुळवून घ्यावे लागतात. शिवाय ‘ऱ्या’ टाइप करण्याच्या दोन पद्धती आहेत. डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात, संगणकाला नाही. म्हणून छाटणीच्या आधी ‘साताऱ्यात’, ‘दऱ्यांत’ यांतल्या ‘ऱ्या’चे एकच रूप करून घ्यावे लागते आणि न दिसणारी जोडचिन्हे काढून टाकावी लागतात.

एवढ्या खटाटोपाने फरक किती पडतो, याचे मोजमाप झालेले आहे. ‘फायर’ या भारतीय उपक्रमाने २००८ साली हिंदी, बंगाली आणि मराठी बातम्यांचे मोठे संच चाचणीसाठी उपलब्ध करून दिले. मराठीचा संच ‘सकाळ’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ यांच्या बातम्यांचा होता. स्वित्झर्लंडमधील नशातेल विद्यापीठातल्या लिलियाना दोलामिच आणि जाक सावॉय यांनी त्यावर एक सौम्य आणि एक कडक स्टेमर चालवून पाहिला आणि २०१० मध्ये निकाल छापले. शब्द जसेच्या तसे ठेवले त्या तुलनेत कडक छाटणीने शोधाच्या अचूकतेचे सरासरी माप बंगालीत सुमारे १८ टक्के, हिंदीत सुमारे २८ टक्के आणि मराठीत सुमारे ४२ टक्के वाढले. तिघींत मराठीचा लाभ सर्वांत मोठा, आणि शब्दाला शब्द चिकटवण्याची आपली सवय पाहता त्यात नवल नाही.

त्याच लेखात एक निकाल असा आहे की तो वाचून नियम लिहिणाऱ्याने जरा जमिनीवर यावे. प्रत्ययांचा काहीही विचार न करता प्रत्येक शब्दाची फक्त पहिली चार चिन्हे ठेवली आणि बाकीचे फेकून दिले, तरी निकाल कडक स्टेमरच्या जवळपासच आला. मग यादीचा खटाटोप कशाला? कारण सरासरी चांगली आली तरी एकेका शब्दाचे काय होते ते वाचकाला भोगावे लागते. ‘विद्यार्थी’, ‘विद्यापीठ’, ‘विद्वान’ आणि ‘विद्युत’ या चौघांची पहिली चार चिन्हे एकच आहेत. विजेच्या दरवाढीवर वाचायला आलेल्याला परीक्षेच्या बातम्या मिळाल्या तर त्याला सरासरी सांगून समाधान होणार नाही. नियमांच्या यादीत निदान कोणता शब्द का चुकला हे दाखवता येते आणि तेवढाच दुरुस्त करता येतो. निकाल लावताना हुबेहूब टाइप केलेले रूप ज्या लेखात आहे तो वर ठेवला, तर पावस गावाचा लेख पावसाच्या बातम्यांखाली गाडला जात नाही आणि उरलेली बरीच चूक झाकली जाते.

ज्यांच्या हाती मराठी संग्रह आहेत, म्हणजे ग्रंथालये, जुनी मासिके, वर्तमानपत्रांची कात्रणे जपणाऱ्या संस्था, त्यांनी हे काम परक्या सॉफ्टवेअरवर सोडू नये. यादी पन्नास ओळींत मावते. आणि ती होईपर्यंत वाचकांनी आपल्या फोनवर किंवा पीडीएफमध्ये शोधताना पूर्ण शब्द टाइप करण्याऐवजी त्याच्या सगळ्या रूपांत न बदलणारा सुरुवातीचा भाग टाइप करावा. विहिरीसाठी ‘विह’ पुरते, शाळेसाठी ‘शाळ’. कापसासाठी मात्र ‘कापूस’ आणि ‘कापस’ असा दोनदा शोध घ्यावा लागेल, आणि पावसासाठी ‘पाऊस’ आणि ‘पावस’ असा.